पाच लाखांचा विमा आणि आईचा गुडघा

वाचकाचं पत्र

माझी आई 67 वर्षांची आहे. दोन वर्षांपासून तिचा उजवा गुडघा दुखतोय, आता जिना चढणंही बंद झालंय. डॉक्टरांनी वाटी बदलायला सांगितली. हॉस्पिटलने अडीच लाखांचं एस्टिमेट दिलं. आईचा 5 लाखांचा मेडिक्लेम आहे, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण विमा खिडकीवर म्हणाले की या ऑपरेशनला तीन वर्षांचं वेटिंग आहे आणि त्यातले चार महिने बाकी आहेत. आत्ता केलं तर एक रुपया मिळणार नाही, आणि नंतर केलं तरी 80-90 हजार खिशातून जातील. 5 लाखांच्या विम्यात अडीच लाखांचं बिल बसत नाही, हे कसं? हॉस्पिटल फसवतंय का? भाऊ म्हणतो, “बाथरूममध्ये पडली असं लिहून घे, अपघाताला वेटिंग नसतं.” माझ्याकडे 40 हजार आहेत, महिन्याला 12 हजार बाजूला टाकता येतील. पॉलिसीचा हप्ता भाऊ भरतो. आईला वेगळी खोली हवी आहे. कर्ज काढून आत्ता करू की थांबू?
– एक लेक, नाशिक

उत्तर

ताई, खिडकीवरच्या माणसाने तुम्हाला बहुधा खरं तेच सांगितलं. मीही बरीच वर्षं अशाच एका खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. “पाच लाखांचा विमा असून पैसे कसले मागता?” हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला की पुढे पुढे एका कोऱ्या कागदावर हिशोब मांडूनच दाखवायला लागले. तोच कागद तुमच्यापुढे ठेवते. पण आधी भावाच्या सल्ल्याचं बघू, कारण तो ऐकलात तर बाकीच्या हिशोबाला काही अर्थच उरणार नाही.

अपघाताला हे वेटिंग नसतं, हे बरोबर आहे. पण आईचा गुडघा पडल्याने गेलेला नाही, आणि ते एक्स-रेत दिसतं. झिजलेल्या गुडघ्यात दोन हाडांमधली फट कमी झालेली असते आणि कडांना हाडाची टोकं वाढलेली असतात. ही वाढ व्हायला वर्षं लागतात, एका दिवसाच्या पडण्याने ती होत नाही. शिवाय विमा कंपनी सगळ्यात पहिला केसपेपर मागते आणि त्यावर डॉक्टरांनी दुखणं किती दिवसांचं आहे ते लिहिलेलं असतं. खोटं उघडं पडलं की हा क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि 67 व्या वर्षी नवी पॉलिसी मिळवणं किती अवघड आहे ते एजंटलाच विचारा. उलट खरा कागद तुमच्या बाजूचा आहे. दुखणं दोन वर्षांचं आणि पॉलिसी दोन वर्षं आठ महिन्यांची, म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतर दुखणं सुरू झालं. तो पहिला केसपेपर आणि पहिला एक्स-रे शोधून प्लास्टिकच्या फाईलमध्ये घाला. कंपनीने “हा आजार आधीपासूनचा होता आणि तुम्ही लपवलात” असा आक्षेप काढला, तर हेच दोन कागद उत्तर देतील.

आता अडीच लाखांचं बिल पाच लाखांत का बसत नाही ते पाहू. पाच लाख हा आकडा म्हणजे वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त किती देईल त्याची मर्यादा. एखाद्या बिलातलं नेमकं काय मिळेल, ते पॉलिसीच्या आतल्या पानांवरच्या दोन-तीन ओळी ठरवतात. तुमच्या खिडकीवरचा आकडा पाहता आईच्या पॉलिसीत या ओळी असणार असं मी धरून चालते: खोलीभाडं रोज विमारकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपयांपर्यंत; ज्येष्ठांना 10 टक्के को-पे, म्हणजे मंजूर रकमेतला दहावा हिस्सा आपण भरायचा; आणि हातमोजे, टोप्या, चादरी अशा किरकोळ वस्तू विम्याबाहेर. आज घरी गेल्यावर पॉलिसी उघडून या तीन गोष्टी तेवढ्या तपासा. नव्या पॉलिस्यांत खोलीभाड्याची मर्यादा कधीकधी नसते. तुमच्यात नसेल तर खालचा हिशोब बराच हलका होईल.

समजा आई वेगळ्या एसी खोलीत चार दिवस राहिली आणि खोलीचं भाडं रोज 8,000 आहे. मग बिल साधारण असं पडेल: खोली 32,000, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटर मिळून 1,10,000, सांधा म्हणजे इम्प्लांट 65,000, औषधं आणि तपासण्या 28,000, किरकोळ वस्तू 15,000. एकूण अडीच लाख.

लोकांना वाटतं की खोली 3,000 ने महाग घेतली तर चार दिवसांचे 12,000 आपण भरू, त्यात काय एवढं. घोळ इथेच होतो. हॉस्पिटलात खोलीचा वर्ग वाढला की सर्जनची फी आणि थिएटरचा दरही वाढतो. त्यामुळे विमा कंपनी म्हणते, तुमचा हक्क 5,000 च्या खोलीचा होता, तुम्ही 8,000 ची घेतली, तर खोलीशी बांधलेला सगळा खर्च आम्ही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच हिस्से देऊ. 1,10,000 चे 68,750 होतात आणि 41,250 एका फटक्यात तुमच्या अंगावर येतात. इम्प्लांट, औषधं आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कात्री लावता येत नाही, विमा नियामकाने तसं ठरवून दिलं आहे. तेव्हा कंपनीने तिथेही पाच-अष्टमांश लावले असतील तर भांडा.

बेरीज करू. खोलीचे 20,000, डॉक्टर-थिएटरचे 68,750, इम्प्लांटचे 65,000, औषध-तपासण्यांचे 28,000, मिळून 1,81,750 मंजूर. त्यातून 10 टक्के को-पेचे 18,175 वजा केले की कंपनी 1,63,575 देणार आणि तुम्ही 86,425. तुमच्या खिडकीवरचा “80-90 हजार” हा आकडा असाच आला असणार.

आता त्याच हॉस्पिटलात, त्याच सर्जनकडे, तोच सांधा घालून आई दोघींच्या खोलीत राहिली तर काय होईल? भाडं रोज 4,500, म्हणजे 18,000. वर्ग खालचा, म्हणून डॉक्टर आणि थिएटरचे 85,000 धरू. इम्प्लांट, औषधं, किरकोळ वस्तू तेवढ्याच. बिल 2,11,000 चं होतं. किरकोळ 15,000 सोडले तर 1,96,000 मंजूर, को-पे 19,600. कंपनी 1,76,400 देते, तुमच्या खिशातून 34,600 जातात. बिल लहान झालं आणि कंपनीने दिलेली रक्कम मात्र आधीपेक्षा वाढली! दोन खोल्यांतला फरक तुमच्यासाठी 51,825 रुपयांचा आहे, म्हणजे एका रात्रीचे जवळजवळ तेरा हजार.

म्हणून आईला “खोली कोणती हवी?” असं विचारूच नका. वेगळी खोली कशासाठी हवी ते विचारा. बहुतेक वेळा उत्तर संडासाचं असतं, कधी शेजारच्या पेशंटच्या नातेवाइकांच्या गर्दीचं. दोघींच्या खोलीला जोडून कमोड आहे का आणि भेटीच्या वेळा कडक पाळतात का, हे बघून या आणि जमलं तर आईलाही ती खोली दाखवा. शहरात एखादं मध्यम आकाराचं हॉस्पिटल असेल, जिथे स्वतंत्र खोलीच 5,000 च्या आत मिळते आणि तुमचे सर्जन तिथेही ऑपरेशन करतात, तर तोही मार्ग आहे. सर्जनना संकोच न करता विचारा, बरेचजण दोन-तीन ठिकाणी जातात. आणि भरतीच्या दिवशी “ट्विन शेअरिंग फुल आहे, तोवर वरच्या खोलीत राहा” असं म्हणाले, तर बिल खालच्या वर्गाच्या दराने लावू असं लिहून घेतल्याशिवाय सामान वर नेऊ नका.

एस्टिमेटबद्दल एक गोष्ट. तुम्हाला मिळालेला “अडीच लाख” हा एकच आकडा काही कामाचा नाही, तो वर मांडला तसा पाच ओळींत फोडून मागा. इम्प्लांटची ओळ वेगळी, कंपनीच्या नावासकट हवी. गुडघ्याच्या सांध्याच्या कमाल किमती केंद्र सरकारच्या औषधदर प्राधिकरणाने ऑगस्ट 2017 मध्ये बांधून दिल्या. सर्वाधिक वापरला जाणारा कोबाल्ट-क्रोमचा सांधा तेव्हा 1,58,324 वरून 54,720 रुपयांवर आला, कर वेगळा. बिलात सांध्याचं नाव, बॅच नंबर आणि किंमत वेगळी दाखवणं हॉस्पिटलवर बंधनकारक आहे. कुणी “इम्पोर्टेड आहे, दीड लाख लागतील” म्हणालं तर सध्याची कमाल किंमत दाखवा म्हणावं. हॉस्पिटल “पॅकेज” देत असेल तर त्यात किती दिवस, कोणता सांधा आणि कोणती फिजिओथेरपी आहे ते विचारा, आणि पाचवा दिवस लागला तर रोजचा दर काय तेही. पॅकेज चांगलं असतं, पण त्याच्या बाहेर काय राहिलं ते छापलेलं नसतं.

आता मुख्य प्रश्न, थांबायचं का? पैशाच्या बाजूने उत्तर सरळ आहे. आज केलंत तर विम्याचा एक रुपया नाही. अडीच लाखांचं वैयक्तिक कर्ज 14 टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतलंत तर हप्ता जवळपास 12,000 येतो, म्हणजे तुम्ही महिन्याला जेवढं बाजूला टाकू शकता तेवढंच. एकूण व्याज 38,000 च्या आसपास. हॉस्पिटलांत हल्ली “बिनव्याजी हप्ते” देणाऱ्या कंपन्यांचं टेबल असतं. तिथे रोख भरल्यास किती सवलत मिळेल ते आधी विचारा, म्हणजे न दिसणारं व्याज दिसतं. चार महिन्यांसाठी अडीच लाखांचं ओझं घ्यायचं कारण मला पैशात तरी सापडत नाही.

पण थांबता येईल का, हे सर्जनच सांगतील. त्यांना “लवकर करावं का?” असं विचारलंत तर ते हो म्हणतील, कारण लवकर केलेलं बरंच. प्रश्न असा विचारा: “चार-पाच महिने थांबल्याने हाड किंवा पाय इतका वाकेल का, की ऑपरेशन अवघड होईल?” झिजेच्या गुडघ्यात याचं उत्तर पुष्कळदा “नाही, फक्त दुखत राहील” असं असतं. गुडघा अचानक लाल, गरम झाला, ताप आला, किंवा आईला त्या पायावर उभंच राहता येईना, तर मात्र वेटिंगचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

थांबण्याच्या काळात एक चूक फार होते. दुखणं सहन होईना म्हणून कुणीतरी गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतं. तात्पुरता आराम पडतो, पण त्यानंतर साधारण तीन महिने सांधा बदलत नाहीत, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तिसऱ्या महिन्यात इंजेक्शन घेतलं तर वेटिंग संपूनही ऑपरेशन पुढे जाईल. तेव्हा इंजेक्शन घ्यायचंच असेल तर सर्जनना ऑपरेशनचा अंदाजे महिना सांगून घ्या. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आत्ताच तपासून ताब्यात आणा आणि किडलेला दात असेल तर तो आत्ताच दाखवा. भरतीच्या आदल्या दिवशी साखर जास्त निघाल्यामुळे परत पाठवलेले पेशंट मी कितीतरी पाहिले आहेत. मंजुरीची सगळी धावपळ मग पहिल्यापासून करावी लागते.

तारखेचं गणित नीट करा. तीन वर्षं पॉलिसीच्या पहिल्या तारखेपासून, सलग नूतनीकरण धरून मोजतात. ती पूर्ण होतात म्हणजेच पुढचा हप्ता भरून चौथं वर्ष सुरू होतं. हा हप्ता भाऊ भरतो म्हणता, तर त्याला आत्ताच सांगा की यंदा “ग्रेस पीरियड आहे की” म्हणून रेंगाळायचं नाही. त्या रिकाम्या दिवसांत विमा नसतो. त्याच वेळी एजंट विमारकम दहा लाख करा म्हणेल. करायला हरकत नाही, पण वाढलेल्या पाच लाखांना वेटिंग नव्याने लागतं, त्यामुळे या ऑपरेशनाला त्याचा उपयोग नाही. भरतीची तारीख नूतनीकरणानंतर आठ-दहा दिवसांनी ठेवा, नवी पॉलिसी कंपनीच्या यादीत चढायला तेवढा वेळ द्यावा.

आता तुमचा चार महिन्यांचा ताळेबंद. दोघींच्या खोलीच्या हिशोबाने 34,600. वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कमोडची उंच खुर्ची हे विम्यात बहुधा बसत नाही, त्यात घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टचे महिनाभराचे पैसे मिळवून 20,000 धरा. एखादा दिवस वाढला, रक्त चढवावं लागलं, तर हाताशी 30,000 हवेत. झाले साधारण 85,000. तुमचे आजचे 40,000 आणि चार महिन्यांचे 48,000 मिळून 88,000 होतात. जेमतेम बसतं, पण बसतं, आणि कर्ज लागत नाही. वेगळ्या खोलीच्या हिशोबाने हेच बसणार नव्हतं.

हे पैसे एकदम लागत नाहीत. भरतीला हॉस्पिटल डिपॉझिट मागेल, विमा असूनही. ते किती आणि मंजुरी आल्यावर त्यातलं परत किती, हे पावतीवर लिहून घ्या. को-पे आणि नामंजूर रक्कम डिस्चार्जला भरायची, फिजिओथेरपीची त्यानंतर दर आठवड्याला. ऑपरेशनच्या आधीच्या 30 दिवसांतल्या तपासण्या आणि नंतरच्या 60 दिवसांतली औषधं पुष्कळ पॉलिस्यांत नंतर परत मिळतात, तुमच्या पॉलिसीतले दिवस पाहून ठेवा. फिजिओथेरपीही मिळू शकते, पण डॉक्टरांनी ती चिठ्ठीवर लिहून दिलेली हवी आणि फिजिओथेरपिस्टची नोंदणी क्रमांकासह पावती हवी. घरी येणारे बहुतेक रोख घेतात आणि पावती देत नाहीत, म्हणून पहिल्याच दिवशी सांगा. या परताव्यावर खर्चाचा हिशोब बांधू नका, मात्र. मिळाले तर पुढच्या हप्त्याला होतील.

ठरवून केलेल्या ऑपरेशनची कॅशलेस मंजुरी भरतीच्या दोन-तीन दिवस आधीच मागायची असते. पहिली मंजुरी एस्टिमेटपेक्षा कमी आली म्हणून घाबरू नका, पुढे बिलाप्रमाणे ती वाढवून मागतात. मे 2024 च्या नियमानुसार कंपनीने पहिल्या मंजुरीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा आहे. तीन तासांपुढे रखडलं आणि त्यापायी हॉस्पिटलने जादा भाडं लावलं, तर ते कंपनीने सोसायचं. तेव्हा डिस्चार्जचे कागद सकाळी लवकर पाठवायला लावा आणि पाठवल्याची वेळ टिपून ठेवा.

सत्तरी पूर्ण झालेल्या आईवडिलांसाठी विचारणाऱ्या वाचकांनी आयुष्मान वय वंदना कार्ड आधी बघावं. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्नाची अट न घालता वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार त्यावर मिळतात, पण योजनेतल्या हॉस्पिटलातच. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतो. तुमच्या आईला त्यासाठी अजून तीन वर्षं आहेत, तोवर गुडघा थांबवायचा नाही.

दातांसाठी लिहिणारेही बरेच असतात. दातांचं इम्प्लांट साध्या मेडिक्लेममध्ये बसत नाही, मात्र तिथे पैसे टप्प्याने द्यायची सोय उपचारातच आहे. हाडात स्क्रू बसवल्यावर तो हाडाशी एकजीव व्हायला साधारण तीन ते सहा महिने जातात आणि मग कॅप बसते. सगळी रक्कम पहिल्या दिवशी भरू नका. स्क्रूचे वेगळे आणि कॅपचे वेगळे दर लिहून घ्या आणि त्या त्या टप्प्याला भरा.

ताई, डिस्चार्जच्या दिवशी तुम्ही आईला खुर्चीत बसवण्याच्या गडबडीत असाल, म्हणून बिलाचं काम भावाला द्या. सहीआधी त्याने बिलातली खोलीच्या वर्गाची ओळ बघायची, मग इम्प्लांटच्या स्टिकरवरचा बॅच नंबर बिलाशी ताडून बघायचा, आणि सही केलेल्या प्रत्येक कागदाचा फोटो काढायचा. अपघाताची गोष्ट रचायला जेवढी हुशारी लागली असती, त्याहून यात कमीच लागेल.